स्टेन्सिलवरची तारीख

घरमालकाच्या पुतण्यानं सळईनं आमचं पाण्याचं पिंप फोडलं तेव्हा मी मोरीत दात घासत होते. निळं प्लास्टिकचं पिंप. एका फटक्यात तडकलं, दुसऱ्यात उभं चिरलं आणि दोन दिवसांचं पाणी घरभर. आईनं आधी गाद्या उचलल्या, मग ओरडली. आमच्या आईचा क्रम नेहमी असाच.

पुतण्या सळई खांद्यावर टाकून म्हणाला, "अगली बार पानी नहीं बहेगा, समझे क्या?"

मागं घरमालक उभे. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठ कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यासाठी पुतण्या ठेवला होता. भिवंडीत कामतघरला आमच्या चाळीला लागूनच त्यांची लूमची शेड होती आणि आमची खोली त्यांना शेडमध्ये घ्यायची होती. नव्या लूम बसवायच्या होत्या. पप्पांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं, की आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की खोली सोडतो, अमुक तारखेला. ती तारीख गेली. दुसरी दिली. ती पण गेली.

शेठ म्हणाले, "ड्रेसरभाऊ, तुमच्या दोन तारखा मी खाल्ल्या. आता एक शेवटची द्या. रविवारी संध्याकाळी येतो. पण ती चुकली ना, तर मी ह्याला थांबवणार नाही."

पप्पा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. रोज लोकांच्या जखमा बांधायचे. त्या दिवशी ते ओल्या फरशीवर उभे राहून नुसते "हो शेठ, हो शेठ" करत होते. मला इतका राग आला की मी चूळ भरायची विसरले आणि पेस्ट गिळली. खरंच.

तर प्रश्न हा होता. आणि एवढाच होता. शेठना कोणती तारीख द्यायची? आमच्याकडे स्वतःची तारीख नव्हतीच. बिल्डर आम्हाला द्यायचा, ती आम्ही शेठना द्यायचो.

हे सगळं नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. मी एकोणीसची. कोर्टाजवळच्या टायपिंग क्लासमध्ये आधी शिकले, मग तिथंच कामाला लागले. आजही त्याच मशीनवर हे बडवतेय, आणि क्लासचे सर मागून ओरडतायत की बाई, मशीनला पण हाडं असतात. माझी बोटं डोक्याच्या पुढं पळतात, तोंड बोटांच्या पुढं. ह्या गोष्टीत तोंडच नडलं.

पिंप फुटलं त्याच दिवशी मी पत्र्याची पेटी उघडली. बिल्डरचे सगळे कागद पप्पांनी नीट ठेवलेले. मी ते क्लासमध्ये नेले आणि टेबलावर मांडले.

तळाला करारनामा, रजिस्टर केलेला. त्यात ताब्याची तारीख आकड्यात आणि अक्षरात. सरांनी कोर्टाबाहेर बसून असेच करारनामे टाईप करत आयुष्य काढलेलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "ही पक्की तारीख. ही चुकली तर तो कायद्यानं अडकतो. पैसे व्याजासकट मागता येतात."

"ती तर कधीच गेली सर."

"मग पुढचं दाखव."

हप्त्यांची पत्रं वेगळी काढली. ती छान होती हो! लेटरहेडवर, ताजी टाईप केलेली, बिल्डरची स्वतःची सही, शिक्का, रजिस्टर पोस्टानं आलेली. 'चौथा स्लॅब पूर्ण झाला आहे, पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत हप्ता भरावा.' आणि स्लॅब खरंच झालेला असायचा. पप्पा सायकलवर जाऊन मोजून यायचे.

मग राहिली तीन पत्रं. उशिराची. साध्या कागदावर, सायक्लोस्टाईल केलेली, साईटवरच्या सुपरवायझरनं हातोहात वाटलेली. 'काही कठीण तांत्रिक अडचणी व नगरपालिकेच्या दाखल्याअभावी विलंब होत असून दिनांक अमुकपर्यंत ताबा देण्याचे आमचे प्रयत्न आहेत.'

सर म्हणाले, "वाच परत. देणार असं कुठं लिहिलंय? प्रयत्न आहेत म्हणतोय. प्रयत्न तर मी पण करतो, रोज, बारीक व्हायचे."

मला हसू आलं नाही, कारण मी दुसरंच काही बघत होते. पहिल्या पत्रातल्या 'कठीण' मधल्या ठ चं पोट काळं होतं. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. स्टेन्सिल कापताना मशीनची रिबन बंद करतात, अक्षर थेट मेणाच्या कागदावर आपटतं. जोरात आपटलं की गोल अक्षराचं पोट तुटून पडतं आणि छापताना तिथं शाईचा काळा ठिपका येतो. माझ्याकडून रोज होतं, मी जोरात मारते म्हणून. तर दुसऱ्या पत्रातला तोच ठ. काळा. तिसऱ्यात पण.

मी तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. आई शप्पथ, अंगावर काटा आला. ओळ ओळीवर, काना कान्यावर, ठिपका ठिपक्यावर. फक्त तारखेच्या जागी गोंधळ. तिथं मोकळी जागा सोडलेली आणि तारीख नंतर दुसऱ्या मशीनवर चढवलेली, जराशी तिरकी.

"सर! हे एकच स्टेन्सिल आहे!"

सर उठून आले. स्टेन्सिल वापरून झालं की शाई पुसून रद्दीच्या कागदात घालून ठेवतात, परत लागलं तर. बिल्डरनं पण ठेवलेलं. पहिलं पत्र आलं तेव्हा आमच्या बिल्डिंगचा तिसरा स्लॅबसुद्धा पडला नव्हता. आणि त्या पत्रात शेवटच्या दाखल्याचं कारण! दाखला तर बिल्डिंग पूर्ण झाल्यावर मागतात. म्हणजे घर उभं राहायच्या आधी उशीर छापून तयार होता. नुसती तारीख भरायची बाकी.

सर खाली बोट ठेवून म्हणाले, "आणि ही पट्टी?"

तिसऱ्या पत्राच्या खाली फाडून द्यायची पट्टी होती, वेगळी चिकटवलेली. 'वरील नवीन तारीख मला मान्य आहे.' खाली सही.

"पप्पांनी दिली सही?"

"अजून नाही. सगळ्यांना रविवारी साईटवर बोलावलंय सहीला."

"नको म्हणावं. पत्र मिळालं एवढंच लिहून द्यायचं. नवी तारीख मान्य केली की जुनी पक्की तारीख तुम्हीच आपल्या हातानं पुसली. मग तो म्हणेल, उशीर कुठंय? यांनीच मान्य केलाय."

मी उड्या मारत घरी आले. म्हणजे बघा, पक्कं काय आणि कच्चं काय हे मी एका दुपारी वेगळं करून दाखवलं होतं! पैसे मागणारं पत्र पक्कं. ताबा देणारं पत्र कच्चं. करारनामा सगळ्यात पक्का.

आई भाकऱ्या थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शेठला कोणती तारीख सांगायची?"

ते माझ्या हातात नव्हतंच.

आईनं पिठाच्या हातानं भिंतीकडं दाखवलं. बुद्धाच्या मूर्तीशेजारी कॅलेंडर. "सुपरवायझर काय काय सांगतो ते मी लिहून ठेवते. ते बघ जरा."

मी बघितलं. बारीक पेन्सिलीत आईचं अक्षर. गटार आधी, मग प्लास्टर. टाकीला वेळ आहे. असलं काहीतरी.

"आई, ते नुसतं बोलणं आहे. त्याला कागद नाही, सही नाही, काही नाही."

"बरं," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

रविवारी सकाळी साईटवर फ्लॅट घेतलेले वीस-बावीस जण जमलेले. बिल्डिंगच्या खाली, पिलरच्या मधे. बिल्डर नव्हता, तो कधीच नसायचा. टेबलावर पट्ट्यांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड. आमच्यात एक शाळेतले मास्तर होते आणि एक लूमच्या शेडचा मुकादम, ज्याच्या मनगटाएवढा माझा दंड. मास्तर सही करायला वाकले तेव्हाच मी ओरडले, "थांबा! सही करू नका!"

आणि मग मी सुटले. सिमेंटच्या गोणीवर चढून तिन्ही पत्रं उन्हात धरली. ठ दाखवला. ठिपका दाखवला. स्टेन्सिल म्हणजे काय, मेण म्हणजे काय, सगळं एका दमात. लोक एकेक करून येत होते, कागद उन्हात धरत होते आणि चेहरे बदलत होते. मला फार भारी वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

मुकादमानं विचारलं, "मतलब... पहले से छाप के रखा था?"

"हो! घर नव्हतं तेव्हाच!"

"मी बायकोचे सोन्याचे डाग विकले," मागून कोणीतरी म्हणालं. फार हळू म्हणालं. ते ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सुपरवायझर जिन्यावरून खाली आला. मध्यम वयाचा, खाकी पँट, पायात तुटकी चप्पल. दिघाशी गावाकडचा माणूस. त्याला काय चाललंय ते माहीतच नव्हतं. म्हणाला, "सह्या झाल्या काय? न्हाय केल्या तरी चालतंय, मला काय. पण एक सांगतो, त्या तारखेला काय व्हनार न्हाय. पावसाळ्याच्या आधी तर न्हायच."

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हा पण आहे त्यात."

आणि मी म्हणाले. मीच म्हणाले, अजून कानात आहे माझाच आवाज. "ही पत्रं हाच वाटायचा! तिन्ही वेळा!"

पहिला फटका मुकादमाचा. उघड्या हाताचा, कानाखाली. सुपरवायझर पिलरला आदळला आणि हसला, म्हणजे त्याला वाटलं चेष्टाच. मग मास्तरांनी, आमच्या चाळीतल्या अर्ध्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांनी, सेंट्रिंगची फळी उचलली. फळीला खिळे होते. तो हात वर करून म्हणत होता, "आवो मास्तर, आवो ऐका की," आणि फळी त्या वर केलेल्या हातावर बसली. तो आवाज मी कसा टाईप करू. ओली काठी मोडतात तसा.

मग कुणाला धरबंध राहिला नाही. टेबल उलटं. पट्ट्या वाऱ्यावर. ऑफिसच्या काचा फुटल्या, आतला पंखा लोंबकळला. पाच-सहा जणांनी मिक्सर ढकलून खड्ड्यात लोटला. एकानं पाण्याच्या पंपाची नवीकोरी मोटर उचलून खालच्या टाकीत फेकली, धप्प. मजूर बायका पोरं काखेत मारून कंपाउंडच्या पलीकडं पळत होत्या. सुपरवायझर पडला होता आणि त्याला लाथा बसत होत्या, आणि लाथा मारणारे मारता मारता रडत होते.

पप्पा घुसले. माझे पप्पा, जे शेठसमोर मान वर करत नाहीत. त्याच्या अंगावर आडवे पडले. दोन-तीन लाथा त्यांना पण बसल्या. "बस्स! मरेल तो! बस्स!"

मी गोणीवरच उभी होते. हातात पत्रं.

पोलीस आले तेव्हा निम्मे पळाले होते. पप्पांनी रिक्षा थांबवली, सुपरवायझरला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "चल. बघ आता."

दवाखान्यात डॉक्टरांनी हाड बसवलं, डोक्याला टाके घातले, बाकीचं पप्पांनी केलं. मी ट्रे धरून उभी. कापूस लाल होऊन पडत होता. सुपरवायझरचा ओठ सुजलेला, एक डोळा बंद. उजवा हात कोपराखाली मोडलेला.

पप्पा खाली बघतच म्हणाले, "तू खोटी पत्रं का वाटलीस रे?"

"पोस्टमनला इचारता का कधी?" तो म्हणाला. "साहेबानं दिली, मी वाटली. पर मी तुमाला तोंडानं कदी तारीख सांगितली काय? एकदा तरी? आठवून बघा. मी काम सांगायचो. गटार झालं की प्लास्टर, प्लास्टर झालं की टाकी. जे माझ्या हातात न्हाय ते मला म्हाईत न्हाय म्हनून सांगायचो. लिफ्टचं इचारलं, काय बोललो?"

"माहीत नाही बोललास," पप्पा म्हणाले.

"मंग."

मी ट्रे खाली ठेवला आणि धावत घरी गेले. कॅलेंडर भिंतीवरून ओढून काढलं, खिळ्यासकट. पानं उलटली, मागची, त्याच्या मागची. 'आधी गटार, मग बाहेरचं प्लास्टर.' तसंच झालेलं. 'वीटभट्टीवाला बंद, दोन आठवडे काम नाही.' खरंच दोन आठवडे साईट बंद होती, मी स्वतः बघितलेली. 'वरची टाकी दिवाळीनंतर.' झाली. 'रस्ता खोदायची परवानगी आली, पाइप गेटवर पडला.' पाइप मी सकाळीच बघितला होता, त्याला अडखळून आत गेले होते मी! 'लिफ्टचं माहीत नाही.' 'लिफ्टचं माहीत नाही.' 'लिफ्टचं माहीत नाही म्हणाला, किती वेळा विचारता वहिनी.'

एकही चुकलेलं नव्हतं. एकही नाही. मी कागद बघितला, शाई बघितली, सही बघितली. तो जे सांगायचा ते जाऊन डोळ्यांनी बघता यायचं आणि जे बघता येत नाही ते तो सांगायचाच नाही, हे आईला भाकरी थापता थापता कळलेलं. मला बोलणं म्हणून कच्चं वाटलं.

परत दवाखान्यात आले तोवर प्लास्टर चढलं होतं. मी धापा टाकत विचारलं, "काका, आता किती? पाइप तर आला आहे. किती दिवस?"

त्यानं एका डोळ्यानं बघितलं. "काल इचारलं असतंस तर सांगितलं असतं. पाइप जोडायला पंधरा दिस, मंग पाण्याची तपासणी, मंग दाखल्याचा अर्ज. आज काय सांगू पोरी? मोटर टाकीत हाय. मिक्सर खड्ड्यात. मजूर पळाले. आन माझा हात ह्यो असा."

पप्पांनी कात्री बशीत टाकली. मोठा आवाज झाला.

संध्याकाळी शेठ आले. पुतण्याच्या हातात तीच सळई. पप्पांच्या शर्टावर अजून रक्त होतं. पुतण्या बघून म्हणाला, "ये तो पहले से तैयार है."

शेठ खाटेवर बसले. "बोला ड्रेसरभाऊ. तारीख."

"तारीख नाही शेठ," पप्पा म्हणाले.

सळई उठली आणि पप्पांच्या मांडीवर बसली. पप्पा एका गुडघ्यावर आले. आई मधे पडली तर पुतण्यानं तिला केसांनी धरून दाराकडं फेकलं. मी त्याच्या दंडाला चावले. खरंच चावले, रक्त येईस्तोवर, आणि त्यानं मला असं झटकलं की मी कपाटावर आपटले आणि पुढचा दात हलला. अजून ठणकतो तो, थंड लागलं की.

शेठ शांतच. "थांब रे. ड्रेसरभाऊ, दोनदा खोटी तारीख दिलीत. आज एकदम खरं बोलावंसं का वाटलं?"

मग पप्पांनी जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं. पत्रं, स्टेन्सिल, मारामारी. सुपरवायझरचं नाव निघालं तसे शेठ पुढं झुकले.

"दिघाशीचा? त्याला मारलंत तुम्ही?" शेठ पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "अरे, माझ्या शेडमधल्या लूमचे पाये त्यानं भरलेत. मला म्हणाला होता, एकवीस दिवस लूम ठेवू नका. मी ऐकलं नाही, पंधराव्या दिवशी ठेवल्या आणि दोन पाये तडकले. तो बोलतो ते होतं." थोडा वेळ ते खाटेचा दोर खाजवत बसले. "त्याला आणा. त्याच्या तोंडून ऐकीन. तुमच्यावर नाही माझा भरवसा. आठ दिवस."

पण तो भिवंडीत राहिलाच नव्हता. पोलिसांना जबाब न देता रात्रीच गावाला गेला होता. त्यानं मारणाऱ्यांची नावं घेतली असती तर निम्मी बिल्डिंग आत गेली असती, मास्तर पहिले.

मी आणि पप्पा एसटीनं अंबाडीला उतरलो आणि तिथून दिघाशीला. पप्पा लंगडत होते. माझा ओठ सुजलेला. सुपरवायझर ओट्यावर बसलेला, हात गळ्यात. आम्हाला बघून त्याच्या बायकोनं कोयता उचलला आणि दारात उभी राहिली. "आनखी काय मोडायचं राह्यलंय?"

मी पुढं झाले आणि कोयत्यासमोर उभी राहून म्हटलं, "काकी, त्यांचं नाव मी घेतलं होतं. ते पत्रं वाटायचे असं मीच ओरडले. मारायचं तर मला मारा."

तिनं मारलं. कोयता टाकला आणि कानाखाली दिली, अशी की डोळ्यांसमोर काजवे. मग आत जाऊन चहा ठेवला.

सुपरवायझर म्हणाला, "चला. पर शेठला मी तारीख देनार न्हाय. आधीच सांगतो."

"तारीख नको," मी म्हणाले.

तो आला, प्लास्टर घालून. शेठसमोर उभा राहून म्हणाला, "शेठ, मोटर काढून वाळवतो, न्हाय चालली तर नवी आनायला साहेबाच्या मागं लागतो. मजूर परत आनतो. पाइप जोडला की कळवीन. पानी आलं की कळवीन. दाखला हातात आल्याबिगर ह्यांना मी आत राह्यला देनार न्हाय, तो गुन्हा हाय. दाखला नगरपालिका देती, ती कवा देईल मला म्हाईत न्हाय."

शेठनी बराच वेळ त्याच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "चालेल. तोवर हे राहतील. पण माझ्या लूम काही थांबणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी पुतण्या आणि चार जणांनी आमच्या खोलीची शेडकडची भिंत घणानं पाडली. आम्ही आतच होतो. विटा चुलीपर्यंत आल्या. पुढच्या अर्ध्या खोलीत पाये भरले आणि दोन लूम बसवल्या, एकवीस दिवस थांबून, ह्या वेळी बरोब्बर एकवीस. मागच्या अर्ध्यात आम्ही तिघं, मधे गोणपाट. दिवस-रात्र दोन्ही शिफ्टला धाडधाड-धाडधाड, हात-दीड हातावर. ताटातलं पाणी हलायचं. आई आणि मी खुणांनी बोलायला लागलो. पप्पांना झोपेत कुणीतरी मारतंय असं वाटून ते ओरडत उठायचे, पण ते ओरडलेलं ऐकू यायचं नाही, नुसतं तोंड उघडं दिसायचं.

पट्टीवर सह्या कुणीच केल्या नाहीत. सरांनी बावीस पत्रं सांगितली आणि मी टाईप केली, प्रत्येक वेगळी, स्टेन्सिल न कापता. पत्र मिळालं, नवी तारीख मान्य नाही, करारातल्या तारखेवर आमचा हक्क कायम. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. मग बिल्डरनं दोन महिन्यांत आणखी एक पत्र पाठवलं, लेटरहेडवर, स्वतःच्या सहीनं, फार सुंदर कागद. मी ते वाचलं. त्यातही पोट फुटलेला ठ होता का बघितलं, नव्हता. पेटीत ठेवून दिलं.

सुपरवायझरचे निरोप मात्र यायचे. आता तोंडी नाही, कारण आमच्याकडं तोंडी काही ऐकूच यायचं नाही. विडीच्या पाकिटाच्या मागं लिहून लूमवाल्याच्या हाती. प्लास्टर उजव्या हाताला, म्हणून डाव्यानं लिहिलेलं, शाळेतल्या पोरासारखं. 'मोटर चालली.' पंधरा दिवसांनी, 'पाइप जोडला.' मग बरेच दिवस काहीच नाही. आई रोज गोणपाटाच्या बाहेर डोकावायची. मी ओढून काढलेलं कॅलेंडर तिनं परत लावलं होतं, मागच्या भिंतीला, आणि लूमच्या धक्क्यानं ते सारखं हलायचं.

पाऊस येऊन गेला. एका सकाळी शिफ्ट बदलताना लूम थांबल्या, त्या पाच मिनिटांच्या शांततेत लूमवाल्यानं गोणपाटाखालून पाकीट सरकवलं. आईनं उचललं. वाचलं. मला दिलं.

'पाणी आलं. दाखला आला, मी डोळ्यांनी बगितला. सामान आणा. लिफ्टचं माहीत न्हाय.'

पप्पा मांडीला तेल लावत होते. मी पाकीट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी वाचलं, उलटं करून बघितलं, परत वाचलं. "जाऊन बघून येऊ का आधी?" ते म्हणाले.

"कशाला?" आई म्हणाली, आणि गाद्या गुंडाळायला लागली. तेवढ्यात लूम सुरू झाल्या.